पासवर्ड बदलला, तरी चोर आत कसा?

आपल्या फेसबुकवर भलतीच पोस्ट पडली आहे, हे बहुतेकांना दुसऱ्याकडूनच कळतं. ओळखीतलं कुणीतरी फोन करतं, ‘काय हो, तुम्ही शेअर बाजाराच्या टिपा कधीपासून द्यायला लागलात?’ मग धावपळ सुरू होते. पासवर्ड बदलला जातो, पोस्ट पुसली जाते, ‘माझं अकाउंट हॅक झालं होतं, कुणीही पैसे पाठवू नका’ असा निरोप टाकला जातो आणि विषय संपला असं वाटतं. दोन दिवसांनी तीच पोस्ट पुन्हा दिसते. काही वेळा तर नवा पासवर्डच चालेनासा होतो.

नवा पासवर्ड फक्त आपल्याला माहीत होता, तो कुणाला सांगितला नव्हता, कुठे लिहूनही ठेवला नव्हता. तरी चोर परत आला तो कसा? याचं उत्तर कळलं, तर हॅक झालेल्या अकाउंटची सफाई कोणत्या क्रमाने करायची हेही कळतं. अकाउंट पुन्हा हातचं जाण्याचं कारण बहुतेक वेळा तो क्रम चुकणं हेच असतं.

पासवर्ड नेमका कधी लागतो?

मोठ्या सोसायटीच्या फाटकावरचा वॉचमन आठवा. नवा माणूस आला की तो नावगाव विचारतो, खात्री पटली की पास देतो. पुढे तो माणूस पास दाखवून ये-जा करतो, रोज चौकशी होत नाही. दूधवाल्याचं वेगळं असतं. त्याला घरमालकाच्या सांगण्यावरून पास मिळतो, घराची किल्ली त्याच्याकडे कधीच नसते. आणि एखाद्याचा पास हरवला, तर वॉचमन आपल्या वहीत त्या घरासमोर लिहिलेल्या नंबरवर फोन लावतो. तिकडून ‘हो, आमचाच माणूस आहे’ असं उत्तर आलं की नवा पास देतो.

ऑनलाइन अकाउंटमध्ये या तिन्ही गोष्टी जशाच्या तशा असतात. पासवर्ड ही फाटकावरची पहिली चौकशी. ती पार पडली की फोनमध्ये किंवा ब्राउझरमध्ये एक पास ठेवला जातो, त्याला सेशन म्हणतात. तुम्ही महिनोन्‌महिने पासवर्ड न टाकता फेसबुक उघडू शकता, ते या सेशनमुळे. दूधवाला म्हणजे जोडलेली अ‍ॅप. त्यांना तुमचा पासवर्ड माहीत नसतो, पण तुमच्याच परवानगीने मिळालेला स्वतंत्र पास त्यांच्याकडे असतो. आणि वहीतला नंबर म्हणजे रिकव्हरीचा ईमेल आणि फोन, जिथे ‘पासवर्ड विसरलो’ म्हटल्यावर कोड जातो.

पासवर्ड बदलला म्हणजे पुढच्या चौकशीचा प्रश्न बदलला. आधी वाटलेले पास रद्द झाले का, आणि वहीत कुणाचा नंबर लिहिलेला आहे, हे वेगळं तपासावं लागतं.

सोलापूरच्या एका ताईंचं उदाहरण

समजा, सोलापुरात एक ताई शिवणक्लास चालवतात. त्यांचं फेसबुक पेज आहे, अधूनमधून त्या शंभर-दोनशे रुपयांची जाहिरात करतात, त्यासाठी कार्ड जोडलेलं आहे. एके दिवशी जुन्या विद्यार्थिनीचा मेसेज येतो, ‘ताई, माझ्या भाचीला चित्रकला स्पर्धेत मत द्या ना.’ त्या विद्यार्थिनीचं अकाउंट आधीच चोराच्या हातात गेलेलं असतं. लिंक उघडली की फेसबुकसारखं दिसणारं पान येतं. ताई त्यात ईमेल आणि पासवर्ड टाकतात. मत नोंदवलं गेल्यासारखं काही दिसत नाही, म्हणून त्या ते विसरूनही जातात.

आता चोराकडे दोन गोष्टी आहेत, ईमेलचा पत्ता आणि एक पासवर्ड. तोच पासवर्ड तो जीमेलवर लावून बघतो. ताईंनी दोन्हीकडे एकच ठेवलेला असतो, जीमेलला दुसऱ्या टप्प्याची पडताळणी नसते, त्यामुळे दार उघडतं. मग फेसबुकला हात लावण्याआधी तो जीमेलमध्ये तीन कामं उरकतो. ताईंच्या मुलाचा रिकव्हरी ईमेल काढून स्वतःचा घालतो. facebookmail.com या पत्त्यावरून येणारं प्रत्येक पत्र थेट कचरापेटीत जाईल असा फिल्टर लावतो. फेसबुकची खरी इशारापत्रं याच पत्त्यावरून येतात. आणि एक अ‍ॅप जोडून ठेवतो.

यानंतर तो फेसबुकवर पोस्टी टाकतो. ताईंना फोन येतात, त्या फेसबुकचा पासवर्ड बदलतात, पोस्टी पुसतात. चोराला हे अपेक्षितच असतं. तो फेसबुकच्या पानावर ‘पासवर्ड विसरलो’ दाबतो. कोड ताईंच्या जीमेलवर येतो, फिल्टर तो लगेच कचरापेटीत टाकतो, आणि जीमेल उघडून बसलेला चोर तो तिथून वाचतो. ताईंच्या इनबॉक्समध्ये काहीच आलेलं नसतं. फेसबुक पुन्हा त्याच्या ताब्यात जातं, आणि ताईंना वाटतं की त्याने नवा पासवर्डही ‘ओळखला’.

म्हणून मी आग्रहाने सांगेन: हॅक फेसबुक झालं असो की इन्स्टाग्राम, सफाई त्याच्याशी जोडलेल्या मेलपासून सुरू करायची. मेल चोराकडे असेपर्यंत बाकी कुठल्याही अकाउंटचा नवा पासवर्ड फार तर तासभर टिकतो.

सफाई कोणत्या यंत्रावरून करायची?

ताईंनी खोट्या पानावर पासवर्ड टाकला, म्हणजे त्यांचा फोन बिघडलेला नाही. पण चोरीची दुसरी एक तऱ्हा आहे, आणि तिच्यात सफाई कुठून करता याला महत्त्व येतं. 2023च्या मार्चमध्ये ‘लायनस टेक टिप्स’ या दीड कोटीच्या वर सदस्य असलेल्या यूट्यूब चॅनलवर अचानक क्रिप्टो चलनाचे बनावट कार्यक्रम सुरू झाले. तिथल्या एका कर्मचाऱ्याने प्रायोजकाचा प्रस्ताव समजून पीडीएफसारखी दिसणारी फाइल उघडली होती. त्या फाइलमधल्या प्रोग्रामने ब्राउझरमधले सेशन, म्हणजे आधीच मिळालेले पास, उचलून नेले. पासवर्ड विचारला गेला नाही, ओटीपीही लागला नाही.

असा प्रोग्राम कॉम्प्युटरवर बसलेला असेल, तर त्याच कॉम्प्युटरवरून केलेली सफाई वाया जाते, कारण नवा पासही तो तितक्याच सहज उचलतो. गेल्या काही दिवसांत फुकटात मिळालेलं ‘क्रॅक’ सॉफ्टवेअर टाकलं असेल, अनोळखी फाइल उघडली असेल किंवा ब्राउझरमध्ये नवं एक्स्टेन्शन घेतलं असेल, तर पुढचं सगळं काम दुसऱ्या, विश्वासाच्या फोनवरून करावं. मूळ कॉम्प्युटर तपासून, गरज पडली तर विंडोज नव्याने टाकून, मगच त्यावर लॉगिन करावं.

वहीतला नंबर कुणाचा आहे?

जीमेल अजून उघडत असेल, तर पासवर्ड बदलणं आणि रिकव्हरीचे तपशील तपासणं ही दोन्ही कामं एका बैठकीत, लागोपाठ करायची. फक्त पासवर्ड बदलून ‘बाकीचं उद्या बघू’ म्हटलं, तर चोर आपल्या रिकव्हरी ईमेलवर कोड मागवून पाच मिनिटांत परत येऊ शकतो.

myaccount.google.com वर सुरक्षेच्या पानात रिकव्हरी फोन आणि रिकव्हरी ईमेल दिसतात. ते अक्षर न्‌ अक्षर वाचा. चोर पुष्कळदा मूळ पत्त्याशी मिळताजुळता पत्ता घालतात, एखाद्या अक्षराचा फरक असतो आणि घाईत तो आपलाच वाटतो. पण तपासणी इथे संपत नाही. त्याच पानावर दुसऱ्या टप्प्याच्या पडताळणीत चोराने आपला फोन नंबर किंवा कोड देणारं अ‍ॅप जोडलेलं असू शकतं. पासकी, म्हणजे बोटाच्या ठशाने किंवा चेहऱ्याने उघडणारी किल्ली, त्याने स्वतःच्या फोनवर बनवून ठेवलेली असू शकते. आणि बॅकअप कोड हमखास राहून जातात. गूगल आठ आकडी दहा कोड देतं. आत असताना चोराने ते उतरवून घेतले असतील, तर ते केव्हाही वापरता येतात. नवे कोड मागवले की जुने सगळे रद्द होतात, एवढंच करायचं असतं.

जीमेलच हातचं गेलं असेल, तर वेळ मोलाची आहे. रिकव्हरीचा फोन किंवा ईमेल बदलल्यावरही गूगल सात दिवसांपर्यंत जुन्या पत्त्यावर कोड घेण्याचा पर्याय देऊ शकतं. ही सोय नेमकी अशाच प्रसंगासाठी आहे. म्हणून g.co/recover वरचा प्रयत्न लगेच करावा, आणि तोही नेहमीच्या फोनवरून, नेहमीच्या ब्राउझरमध्ये, घरच्या वाय-फायवर. गूगल या ओळखीच्या खुणा विचारात घेतं. नवा मोबाइल आणून मित्राच्या घरून प्रयत्न केला, तर आपणच त्याला परके वाटतो. वर सांगितलेल्या बिघडलेल्या कॉम्प्युटरचा नियम इथेही पाळायचा. ओळखीचं पण स्वच्छ यंत्र हवं, आणि बहुतेकांच्या बाबतीत ते म्हणजे त्यांचा रोजचा फोन.

इन्स्टाग्रामवरही अशी एक मुदतीची संधी असते. ईमेल बदलला गेला की security@mail.instagram.com वरून जुन्या पत्त्यावर पत्र येतं आणि त्यात तो बदल मागे घेण्याची लिंक असते. हे पत्र कचरापेटीत गेलंय का, हे आधी बघावं.

न दिसणारा फिल्टर

ताईंच्या गोष्टीत सगळ्यात जास्त नुकसान फिल्टरने केलं, आणि सफाईत तोच बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. याचं कारण साधं आहे. आपण मेल फोनवर बघतो, आणि जीमेलच्या फोनवरच्या अ‍ॅपमध्ये फिल्टर दिसतच नाहीत. त्यासाठी कॉम्प्युटरवर mail.google.com उघडावं लागतं. कॉम्प्युटर नसेल, तर फोनच्या ब्राउझरमध्ये ‘डेस्कटॉप साइट’ निवडून काम भागतं.

तिथल्या सेटिंगमध्ये तीन पानं बघायची. ‘Filters and Blocked Addresses’ मध्ये आपण न बनवलेला प्रत्येक फिल्टर काढायचा. ‘Forwarding and POP/IMAP’ मध्ये आपली पत्रं दुसऱ्या कुठल्या पत्त्यावर आपोआप जात नाहीत ना, हे पाहायचं. ‘Accounts and Import’ मध्ये आणखी एक जागा आहे, जिथे दुसऱ्या माणसाला आपला मेल वाचायची अधिकृत परवानगी देता येते. साहेबांचा मेल सहायकाने बघावा म्हणून केलेली ही सोय चोराच्याही कामाची असते, कारण तिच्यात त्याला तुमचा पासवर्ड कधीच लागत नाही.

चोराने काय काय लपवलं हे बघायचं असेल, तर जीमेलच्या शोधपट्टीत हे टाका:

```
in:anywhere from:facebookmail.com
in:trash newer_than:7d
```

पहिल्या ओळीने फेसबुककडून आलेली सगळी पत्रं सापडतात, स्पॅम आणि कचरापेटी धरून. दुसरी ओळ गेल्या सात दिवसांतली पत्रं कचरापेटीतून काढून दाखवते. कचरापेटी तीस दिवसांनी रिकामी होते, त्यामुळे हा शोध लवकर घ्यावा. चोराने दुसऱ्या कुठल्या अकाउंटांचे पासवर्ड बदलून घेतले, तेही इथेच कळतं. एखाद्या खरेदीच्या साइटचं ‘पासवर्ड बदलला’ असं पत्र कचऱ्यात सापडलं, तर तेही अकाउंट सफाईच्या यादीत आलं.

अनोळखी अ‍ॅप कसं ओळखायचं?

3 मे 2017 रोजी जगभरातल्या जीमेल वापरणाऱ्यांना ओळखीच्या माणसाकडून एक पत्र आलं, ‘तुमच्यासाठी दस्तऐवज शेअर केला आहे.’ बटण दाबलं की गूगलचं खरंखुरं परवानगीचं पान उघडत होतं. ‘गूगल डॉक्स’ हे अ‍ॅप तुमचे मेल वाचणं, पाठवणं, पुसणं आणि तुमचे संपर्क हाताळणं अशी परवानगी मागत होतं. फक्त ते गूगल डॉक्स नव्हतं, कुणीतरी त्या नावाने बनवलेलं अ‍ॅप होतं. परवानगी दिली की ते पुढच्या सगळ्या संपर्कांना तेच पत्र पाठवत होतं. गूगलने साधारण तासाभरात ते थांबवलं, आणि 0.1 टक्क्याहून कमी वापरकर्त्यांना त्याचा फटका बसल्याचं सांगितलं. इथे कुणी खोट्या पानावर पासवर्ड टाकला नव्हता, आणि ओटीपीची व्यवस्थाही कामाला आली नसती, कारण आत शिरताना चौकशी झालीच नाही. लोकांनी आपल्या हाताने पास दिला होता.

म्हणून जोडलेल्या अ‍ॅपची यादी बघताना नावावर विसंबू नये. गूगलवर ती myaccount.google.com/connections इथे असते, फेसबुकवर सेटिंगमधल्या ‘Apps and websites’ मध्ये. प्रत्येक नोंद उघडून दोन गोष्टी बघायच्या: परवानगी कधी दिली गेली, आणि काय काय करायची दिली गेली. ज्या दिवशी गडबड सुरू झाली त्याच्या आसपासची तारीख असेल आणि अ‍ॅपला मेल वाचायचा किंवा पोस्ट करायचा अधिकार असेल, तर नाव कितीही ओळखीचं वाटो, ते काढायचं. उलट, फक्त ‘गूगलने लॉगिन करा’ म्हणून जोडलेल्या साइटला तुमचं नाव आणि ईमेलपलीकडे सहसा काही मिळत नाही. घाबरून सरसकट सगळं काढण्याची गरज नाही.

पासवर्ड बदलल्यावर गूगल मेल वाचणाऱ्या अ‍ॅपांचे बरेचसे पास आपोआप रद्द करतं, पण सगळ्या अ‍ॅपांचे नाही. शिवाय अ‍ॅप काढल्याने पुढचा प्रवेश बंद होतो, त्याने आधीच नेलेली माहिती परत येत नाही. मेलमध्ये आधार किंवा पॅन कार्डाचे फोटो पडलेले असतील, तर ते गेले असंच धरून चालावं आणि बँकेच्या व्यवहारांवर नजर ठेवावी.

| चौकट: यादीत ‘मुंबई’ दिसलं म्हणून घाबरू नका |
|---|
| कुठून कुठून लॉगिन आहे, याची यादी गूगलवर ‘Your devices’ मध्ये आणि फेसबुकवर ‘Where you’re logged in’ मध्ये मिळते. त्यात दिसणारं गाव इंटरनेटच्या पत्त्यावरून काढलेला अंदाज असतो. सोलापुरात मोबाइल डेटावर बसलेल्या माणसासमोर मुंबई किंवा पुणे असं दिसू शकतं. म्हणून गावापेक्षा फोनचं मॉडेल, ब्राउझर आणि वेळ बघा. तुमच्या घरात आयफोन नसताना रात्री तीन वाजता आयफोनवरून लॉगिन झालं असेल, तर तो परका. शंका राहिली तर सगळ्यांनाच बाहेर काढा. तुम्हाला स्वतःला पुन्हा लॉगिन करावं लागेल, एवढाच त्रास. |

आता फेसबुक, आणि पोस्टी सगळ्यात शेवटी

मेल ताब्यात आला की फेसबुककडे वळायचं. लॉगिन होत नसेल तर facebook.com/hacked. होत असेल तर नवा, जीमेलपेक्षा वेगळा पासवर्ड, बाकी सगळीकडून लॉगआउट, आणि अकाउंटला जोडलेले ईमेल व फोन नंबर यांची तपासणी. ताईंसारखं पेज असेल, तर पेजवर कुणाकुणाला प्रवेश आहे ते आधी बघायचं. पूर्ण अधिकार मिळालेला माणूस मालकालाच पेजवरून काढू शकतो, आणि तसं झालं तर तुमचं स्वतःचं अकाउंट स्वच्छ असूनही पेज गेलेलं असतं. जाहिरातींचं पान उघडून चालू जाहिराती थांबवायच्या आणि कार्ड काढून टाकायचं. पोस्ट पुसली तरी ताईंच्या कार्डावर चोराची जाहिरात चालूच राहू शकते.

पोस्टी शेवटी का, हे आता लक्षात येईल. चोर आत असेपर्यंत पुसलेलं पुन्हा लिहिलं जातं. शिवाय त्या पोस्टी म्हणजे पुरावा आहेत. पुसण्याआधी पोस्ट, तिची वेळ, तिची लिंक आणि तिच्यात दिलेला नंबर किंवा यूपीआय आयडी दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. पोस्ट बघून कुणी पैसे पाठवले असतील, तर त्यांनी लगेच 1930 या क्रमांकावर कळवावं, कारण पैसे पुढे सरकण्याआधी खातं गोठवलं गेलं तरच ते परत मिळण्याची आशा असते. तक्रार cybercrime.gov.in वरही नोंदवता येते. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66सी खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा.

मग पुसण्याचं काम. भिंतीवर दिसतं तेवढंच पुसून भागत नाही. ‘Activity log’ मध्ये तारखेप्रमाणे सगळं उलगडतं: दुसऱ्यांच्या पोस्टींवर टाकलेल्या कॉमेंट, स्टोरी, न विचारता जॉइन केलेले ग्रुप, लाइक केलेली पेज. पेजचा लॉग वेगळा असतो, तोही बघायचा. पुसलेल्या पोस्टी फेसबुकच्या कचरापेटीत तीस दिवस राहतात, त्यामुळे चुकून आपलीच जुनी पोस्ट गेली तर परत आणता येते.

मेसेजचं मात्र असं नाही. चोराने ताईंच्या नावाने मेसेंजरवर पाठवलेली ‘मत द्या’ची लिंक त्यांच्याकडून पुसली, तरी समोरच्याच्या फोनवर ती राहते. ‘सगळ्यांसाठी काढा’ हा पर्याय निवडला तरच ती तिकडूनही जाते. आणि ज्यांनी ती आधीच उघडली, त्यांना एकेकाला फोन करून सांगावं लागतं की पासवर्ड टाकला असेल तर आधी मेल तपासा. सगळ्यांसाठी टाकलेली एक पोस्ट यासाठी पुरत नाही, कारण ज्यांना धोका आहे नेमक्या त्यांच्याच नजरेला ती पडेल याची खात्री नसते. त्या पोस्टीखाली ‘मी तुमचं अकाउंट परत मिळवून देतो, अमुक नंबरवर संपर्क करा’ असं लिहिणारे लोक हटकून येतात. तेही फसवणारेच असतात. पैसे किंवा ओटीपी मागून ते अकाउंट दुसऱ्यांदा नेतात.

सफाई झाल्यावर आठवडाभर एक काम उरतं. सात दिवसांची जी सोय जुना रिकव्हरी पत्ता हरवलेल्या मालकाला वाचवते, ती आपण नुकत्याच काढलेल्या चोराच्या पत्त्यालाही लागू पडू शकते. म्हणून त्या आठवड्यात गूगल आणि फेसबुककडून आलेलं प्रत्येक इशारापत्र उघडून बघायचं. पत्र खरं आहे की चोरानेच पाठवलंय, अशी शंका आली तर त्यातली लिंक दाबायची नाही. फेसबुकच्या सुरक्षेच्या सेटिंगमध्ये ‘Recent emails’ नावाची यादी असते. फेसबुकने खरोखर पाठवलेली पत्रं तिच्यात असतात, आणि हातातलं पत्र त्या यादीत नसेल तर ते फेसबुकचं नाही.